गरम चहा, कॅन्सर आणि 90 टक्के: बातमीमागचे रिग्रेशन कसे तपासावे

गोव्यात साखळीला आमच्या घरी बोलणे कोंकणीत आणि पेपर मराठीत, असा बाबांच्या लहानपणापासूनचा शिरस्ता आहे. 2019 च्या मार्चमध्ये त्यांनी एका बातमीवर पेनने गोल केला आणि मी पोचताच पेपर पुढे सरकवला. कडक गरम चहा पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका 90 टक्के जास्त, असा बातमीचा मथळा होता. बाबांनी दोन दिवस चहा घेतला नव्हता. जेवणानंतरची तंबाखूची चिमूट मात्र चालू होती, कारण बातमीत तंबाखूचे नाव नव्हते.

मी फोंड्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या दिवशी बाबांना जे समजावले, तेच मी आता पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जूनमध्ये समजावते. अमुक सवयीने तमुक रोगाचा धोका वाढतो अशी बातमी आली की तिच्यामागे बहुतेक वेळा रिग्रेशनचे, म्हणजे बाकीच्या गोष्टी सारख्या धरून एका सवयीचा परिणाम वेगळा काढण्याचे, एक गणित असते. ते गणित स्वतः करता येण्याची गरज नाही. त्याला चार-पाच नेमके प्रश्न विचारता आले तरी बातमीतला आकडा आपल्या घरापर्यंत पोचतो की नाही ते कळते. हे प्रश्न मी त्याच चहाच्या बातमीवर करून दाखवते.

आधी मूळ लेख गाठा

बातमीत जर्नलचे नाव, देश किंवा किती माणसांचा अभ्यास होता, यातले काहीतरी असतेच. तेवढ्यावर `pubmed.ncbi.nlm.nih.gov` इथे शोधता येते. चहाच्या बातमीसाठी मी `hot tea esophageal cancer Golestan` असे टाकले आणि लेख समोर आला. पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडला नाही तरी सारांश फुकट वाचता येतो, आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पूर्ण लेख मिळाला तर पहिल्या पानापासून वाचत बसू नका. सरळ तक्त्यांकडे जा आणि तक्त्यांखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा वाचा.

हा अभ्यास इराणच्या गोलेस्तान प्रांतातला. 2004 ते 2008 या काळात 40 ते 75 वयाच्या 50,045 लोकांची नावे नोंदवली, त्यांच्या सवयी लिहून घेतल्या आणि मग साधारण 10 वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. तेवढ्यात 317 जणांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. सवय आधी नोंदवली आणि रोग नंतर आला, हा क्रम मोलाचा आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला नंतर विचारले, की तुम्ही चहा किती गरम प्यायचात, तर तो आजाराचे कारण शोधत शोधत उत्तर देतो. शिवाय अन्ननलिकेला आधीच त्रास होत असेल तर तो गरम चहा कधीच सोडून बसलेला असू शकतो.

90 टक्के, पण कोणापेक्षा?

सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. धोक्याची प्रत्येक टक्केवारी म्हणजे दोन गटांची तुलना असते आणि बातमीत बहुधा एकच गट दिसतो. दुसरा गट शोधल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

गोलेस्तानच्या लेखात 90 टक्के ही तुलना अशी आहे: एका बाजूला दिवसाला 700 मिली किंवा जास्त चहा 60 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम पिणारे, दुसऱ्या बाजूला 700 मिलीपेक्षा कमी चहा 60 अंशांखाली पिणारे. म्हणजे यात तापमानही बदलले आहे आणि प्रमाणही. मी बाबांचा कप पाण्याने भरून मोजला, 130 मिली निघाला. ते दिवसातून चार वेळा चहा घेतात, म्हणजे 520 मिली. 90 टक्क्यांच्या गटात बाबा बसतच नव्हते.

त्याच सारांशात आणखी आकडे आहेत. नुसते तापमान घेऊन, 60 अंश किंवा जास्त विरुद्ध त्याखाली, अशी तुलना केली तर धोका 41 टक्के जास्त निघतो. माणसाने स्वतः सांगितलेली आवड घेऊन, "खूप गरम" म्हणणारे विरुद्ध "थंड किंवा कोमट" म्हणणारे, अशी तुलना केली तर तो 141 टक्के जास्त निघतो. अभ्यास तोच, माणसे तीच, आणि 41, 90, 141 हे तिन्ही आकडे खरे. मथळ्यात कुठला जाईल हे मथळा देणारा ठरवतो. बाबांना लागू पडणारा आकडा 41 च्या जवळचा होता, तोही ते खरोखर 60 अंशांवर पीत असतील तर.

लेखात हे 41 टक्के असे छापलेले दिसतात:

```
HR 1.41, 95% CI 1.10–1.81
```

HR म्हणजे हॅझर्ड रेशो, एका गटातला रोगाचा दर दुसऱ्याच्या किती पट ते सांगणारा आकडा. त्यातून 1 वजा केला की टक्केवारी मिळते. पुढचे दोन आकडे सांगतात की या माहितीशी 10 टक्क्यांपासून 81 टक्क्यांपर्यंतची कुठलीही वाढ जुळू शकते. खालचे टोक 1 च्या वर आहे, म्हणजे हा नुसता योगायोग असेल असे सहज म्हणता येत नाही. पण ते 1 ला फार लांबही नाही. 141 टक्क्यांचा पल्ला 1.27 ते 4.56 इतका पसरला आहे. तुलनेतल्या टोकाच्या गटांत माणसे किंवा रुग्ण थोडे असले की पल्ला असा फाकतो, आणि मथळ्याला नेमका असा मोठा आणि डळमळीत आकडा आवडतो.

गरम म्हणजे किती, आणि ते कोणी मोजले?

सवयींच्या बहुतेक अभ्यासांत मोजमाप म्हणजे प्रश्नावली. एखाद्याचे "खूप गरम" दुसऱ्याचे कोमट असू शकते. गोलेस्तानच्या लोकांनी इथे जी मेहनत घेतली ती मला मनापासून आवडते. नाव नोंदवायला आलेल्या माणसासमोर चहाचे दोन कप ओतत. एकात थर्मामीटर, दुसरा त्याच्या हातात. चहा 75 अंशांवर आला की घोट घ्यायला सांगत आणि विचारत, की तुम्ही रोज एवढाच गरम पिता का? नाही म्हटले की 70 पर्यंत थांबत आणि पुन्हा घोट देत. असे पाच-पाच अंशांनी खाली येत त्याचे नेहमीचे तापमान पकडत.

मी तेच घरी केले. दुधाला विरजण लावायला वापरतो तो थर्मामीटर घेतला. टोपातून गाळून कपात ओतलेला दुधाचा चहा 79 अंशांवर होता, दोन मिनिटांनी 73. बाबांना प्रत्येक वेळी विचारत गेले. 66 ला ते म्हणाले, "आता बरा लागतो." मग त्यांना त्यांच्या जुन्या सवयीप्रमाणे बशीत ओतायला सांगितले. बशीतला चहा अर्ध्या मिनिटात 57 वर आला. कपाने पिताना बाबा एका गटात होते आणि बशीने पिताना दुसऱ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये अतिगरम पेयांना "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकले, ते 65 अंशांच्या वरच्या पेयांना. चहाला म्हणून टाकले नाही. त्या गटांवरून पुरावा किती भक्कम आहे तेवढे कळते. धोका किती मोठा, ते कळत नाही.

हजारात किती माणसे?

टक्केवारीचा भाग इथे संपवून माणसे मोजायची. 50,045 पैकी 317, म्हणजे दहा वर्षांत हजारात साधारण सहा. आता अंदाजासाठी धरा की कोमट आणि कमी चहा पिणाऱ्या हजारांत पाच जणांना हा रोग झाला असता. 90 टक्के वाढ म्हणजे पाचाचे साडेनऊ. हजारातले 990 लोक दोन्हीकडे सुटलेच.

ही साडेचार माणसे क्षुल्लक आहेत असे मी म्हणत नाही, हा फार वाईट रोग आहे. पण गोलेस्तान अभ्यासासाठी निवडले तेच मुळी तिथे हा कॅन्सर फार आढळतो म्हणून. जिथे मूळ प्रमाण हजारात एक असेल, तिथे तेच 90 टक्के म्हणजे एकाचे दोनदेखील होत नाहीत. बातमीत नुसतीच टक्केवारी असेल तर मूळ प्रमाण लेखातून शोधा. एकूण रुग्ण भागिले एकूण माणसे, एवढा भागाकार पहिल्या अंदाजाला पुरतो.

तंबाखूचे काय केले?

आता गणिताच्या पोटात शिरू. इथे मी वर्गात फळ्यावर जे लिहिते तेच देते. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत.

समजा दोन हजार माणसे आहेत. हजार जण कडक गरम चहा पितात, हजार जण कोमट. गरमवाल्यांपैकी 600 जण तंबाखू खातात, कोमटवाल्यांपैकी 200. आणि समजा चहाचा रोगाशी काडीचाही संबंध नाही. तंबाखू खाणाऱ्यांत शंभरी 2 जणांना रोग होतो, न खाणाऱ्यांत दोनशेंत एकाला.

गरमवाले: तंबाखूच्या 600 मध्ये 12 रुग्ण, उरलेल्या 400 मध्ये 2. एकूण 14.
कोमटवाले: तंबाखूच्या 200 मध्ये 4 रुग्ण, उरलेल्या 800 मध्ये 4. एकूण 8.

14 भागिले 8 म्हणजे 1.75. मथळा तयार: गरम चहाने धोका 75 टक्क्यांनी वाढतो! चहाने काहीच केलेले नसताना. पण तंबाखू खाणाऱ्यांची तुलना तंबाखू खाणाऱ्यांशीच केली तर दोन्हीकडे शंभरी 2, आणि न खाणाऱ्यांची न खाणाऱ्यांशी केली तर दोन्हीकडे दोनशेंत एक. चहाचा फरक नाहीसा होतो. रिग्रेशन हेच काम करते, फक्त तंबाखूबरोबर वय, शिक्षण, पैसा, आहार अशा बऱ्याच गोष्टींसाठी एकाच वेळी. अशा दीर्घ अभ्यासांत बहुधा कॉक्स रिग्रेशन वापरतात. त्याचा सांगाडा असा असतो:

```
h(t) = h0(t) × exp(b1×चहा + b2×तंबाखू + b3×वय + ...)
```

`h(t)` म्हणजे त्या वेळचा रोगाचा दर, आणि `h0(t)` म्हणजे कंसातल्या सगळ्या गोष्टी शून्य धरल्या तर असणारा दर. `b1` हा चहाचा आकडा. तो 0.344 आला तर `exp(0.344)` म्हणजे 1.41, आणि हाच तो 41 टक्के. वाचायचा तो असा: तंबाखू, वय आणि कंसातल्या बाकीच्या गोष्टी सारख्या असलेल्या दोन माणसांत, गरम पिणाऱ्याचा दर कोमट पिणाऱ्याच्या 1.41 पट. कंसात जे नाही, ते "सारखे" धरलेले नाही. म्हणून तक्त्याखालची "adjusted for" ने सुरू होणारी टीप शोधायची आणि त्यात काय काय आहे ते वाचायचे. गोलेस्तानमध्ये सिगारेटबरोबर अफूचीही नोंद घेतली होती, कारण तिकडे अफू ओढणारे आणि खाणारे बरेच आहेत. ती कंसात नसती तर मी त्या लेखावर भरवसा ठेवला नसता.

पण टिपेत नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका. नाव कशा रूपात आहे तेही पाहा. तंबाखू "हो किंवा नाही" अशी घातली असेल, तर जेवणानंतर एक चिमूट खाणारे आणि दिवसभर गालात गोळी धरणारे गणिताला एकच माणूस वाटतात. वरच्या उदाहरणात गरम चहावाले 600 जण तंबाखूही जास्त खाणारे असतील, तर त्यांचे जास्तीचे रुग्ण "हो" या खान्यात मावत नाहीत आणि उरलेले चहाच्या नावावर चढतात. हे ओळखायची एक खूण आहे. लेखात बहुधा दोन तक्ते किंवा दोन रकाने असतात, थोड्या गोष्टी अ‍ॅडजस्ट केलेला आणि सगळ्या केलेला. पहिल्यात 1.75 आणि दुसऱ्यात 1.30 असा आकडा घसरला असेल, तर विचारा, की मोजमाप आणखी बारीक असते तर तो अजून किती घसरला असता? दोन्हीकडे जवळजवळ तोच आकडा असेल तर भीती कमी.

उलटी चूकही होते, ती थोडक्यात सांगते. गरम चहाने अन्ननलिकेचा अस्तर भाजून सूज येते आणि सुजेतून पुढे कॅन्सर होतो असे धरा. मग सूजच कंसात घातली तर चहाचा खरा परिणामही पुसला जातो. कंसात घालायच्या गोष्टी सवयीच्या आधीच्या असाव्यात, सवयीने घडवलेल्या नसाव्यात.

दोन सवयी एकत्र आल्या तर?

वरच्या सूत्रात एक गृहीत लपले आहे, की चहाचा परिणाम तंबाखू खाणाऱ्यावर आणि न खाणाऱ्यावर सारख्याच पटीत होतो. हे खरे असेलच असे नाही. ते तपासायला सूत्रात एक गुणाकार घालतात:

```
... + b4×चहा×तंबाखू
```

लेखात `interaction` हा शब्द दिसला की समजायचे, हे तपासले आहे. चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासात हेच केले. 2018 मध्ये तो छापून आला, त्यात 4,56,155 माणसे होती, साधारण 9 वर्षांत 1,731 जणांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. चहा, दारू किंवा तंबाखू ज्यांनी आधीच कमी केली होती त्यांना त्यांनी सुरुवातीलाच वगळले, म्हणजे आजारामुळे सवय सोडलेल्यांचा घोळ कमी झाला. त्यांना दिसले ते असे: रोज अतिगरम चहा आणि दिवसाला 15 ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल असे दोन्ही घेणाऱ्यांचा दर, आठवड्याला एकदाही चहा न घेणाऱ्या आणि 15 ग्रॅमपेक्षा कमी पिणाऱ्यांच्या 5 पट. अतिगरम चहा आणि सिगारेट दोन्ही असणाऱ्यांचा 2.03 पट. आणि जे फार दारू पीत नव्हते, सिगारेटही ओढत नव्हते, त्यांच्यात चहा कितीही गरम असला तरी धोका वाढलेला दिसला नाही.

15 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे किती, हे गोव्यात फेणीवरून सांगितले की मुलांना पटकन कळते. साधारण 42 टक्के अल्कोहोलच्या फेणीचा 45 मिलीचा एक पेग.

या आकड्यांनाही पहिलाच प्रश्न लावायचा: कोणापेक्षा? 5 पट ही तुलना दोन्ही सवयी असलेल्यांची आणि दोन्ही नसलेल्यांची आहे. त्यात दारूचा स्वतःचा वाटा आधीच आला. चहाने त्यात किती भर घातली हे कळायला, नुसती दारू पिणाऱ्या आणि चहा न पिणाऱ्या गटाचा आकडा त्याच तक्त्यात शेजारी पाहावा लागतो. "चहा आणि दारूने धोका पाचपट" एवढेच लिहिणारी बातमी हा शेजारचा आकडा गाळते, आणि वाचणाऱ्याला वाटते की पाचपट चहानेच केले.

मग गोलेस्तान आणि चीन यांचे जुळत नाही का? गोलेस्तानमध्ये दारू पिणारे जवळजवळ नाहीतच, आणि सिगारेट-अफू अ‍ॅडजस्ट करूनही तिथे गरम चहाचा परिणाम उरतो. चीनमध्ये तो दारू-सिगारेटच्या सोबतीनेच दिसतो. गोलेस्तानमध्ये तापमान थर्मामीटरने मोजले, चीनमध्ये माणसांना विचारले. मला या दोन्हींवरून असे वाटते, की तापमानाचा काहीतरी वाटा आहे, तो मोठा नाही, आणि अस्तराला इजा करणारे दुसरे काही सोबत असेल तर तो वाढतो. एकाच अभ्यासावर याहून ठाम बोलणाऱ्या बातमीवर मी विश्वास ठेवत नाही.

हे सगळे बाबांच्या कपाला लावले तर

बाबांना मी कागदावर ओळीने लिहून दिले. चहा 520 मिली, म्हणून 90 टक्क्यांच्या गटात नाही. कपातून 66 अंशांवर, म्हणून 41 टक्क्यांच्या गटात आहेत. बशीतून 57 वर, म्हणजे त्याही गटाबाहेर. मूळ प्रमाण गोलेस्तानचे, आपले नाही. तंबाखू मात्र आहे. आणि इथे एक मर्यादाही लिहिली: चीनचा 2.03 हा सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा आहे, तो उचलून चघळण्याच्या तंबाखूवर ठेवता येत नाही. पण चघळण्याच्या तंबाखूने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो याला चहाच्या बातमीची गरजच नाही. ती आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सरकारक म्हणून आहे. तोंडाचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सरही तिच्याच नावावर.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे मी चुकीची गोष्ट सोडली," ते म्हणाले.

"चहा बशीतून प्या, बाबा," मी म्हटले. "दुसरे ते तुम्ही आणि डॉक्टर मिळून ठरवा. पाहिजे तर मी येते सोबत."

संध्याकाळी त्यांनी चहा मागितला, बशीसकट. तंबाखूची डबी त्या आठवड्यात नाही सुटली. डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो ते गणपतीनंतर. कागद त्यांनी खिशात घेतला होता आणि खुर्चीवर बसताच तो डॉक्टरांपुढे ठेवला.